पाच जणांनी लिहिलेले माहितीपत्रक

जुन्या नागपूरची ओळख करून देणारे माहितीपत्रक एका स्थानिक संस्थेने छापायला घेतले आणि मजकूर एकसारखा करून द्यायचे काम माझ्याकडे आले. घडीचा कागद, सहा पाने, पाच लेखक. महाल आणि भोसल्यांचा भाग इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकांनी लिहिला होता, सीताबर्डीचा एका तरुण गाइडने, संग्रहालय आणि प्रवेशाचे नियम सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी, दीक्षाभूमीचा एका शिक्षिकेने आणि तलावांचा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने. प्रत्येकाचा मजकूर सुटा वाचला की चांगला होता. एकापुढे एक ठेवून वाचू लागले की चार ओळींत चार माणसे बोलायची.

सीताबर्डीच्या पानावर तर नंतर इतरांनीही भर घातली होती, त्यामुळे एकाच परिच्छेदात सगळे दोष भेटले. तो परिच्छेद असा होता: ‘नोव्हेंबर १८१७ मध्ये या टेकडीवर युद्ध होते. इंग्रजांनी टेकडी राखली होती. सदर किल्ला लष्कराच्या ताब्यात असून ठरावीक दिवशी नागरिकांना प्रवेश देण्यात येईल. आपण वर चढलो की सगळं शहर दिसतं. ओळखपत्र सोबत आणावे, कॅमेरा आणू नका.’

व्याकरणाच्या दृष्टीने यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण पहिल्याच वाक्यात वाचक अडखळतो. गाइडला इतिहास वर्तमानकाळात सांगायची सवय असते. टेकडीवर उभे राहून समोरच्या घोळक्याला ‘आता इंग्रज वर येतात’ असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते उभे राहते. कागदावर मात्र ‘युद्ध होते’ या दोन शब्दांतून युद्ध घडते आहे की युद्ध चालू होते, हे कळत नाही, कारण नपुंसकलिंगात ‘होणे’चा वर्तमानकाळ आणि ‘असणे’चा भूतकाळ यांचे रूप एकच आहे. बोलताना आवाज आणि हात अर्थ सांभाळून घेतात, छापील कागदाला तो आधार नसतो. पुढचे ‘राखली होती’ वाचले की कशाच्या तरी आधी राखली असावी असे वाटते, पण त्या आधीच्या गोष्टीचा पत्ता नाही. आणि ‘प्रवेश देण्यात येईल’ या काकांच्या भविष्यकाळामुळे बाहेरगावच्या माणसाला वाटावे की किल्ला अजून उघडायचा आहे. कचेरीतल्या परिपत्रकात हा भविष्यकाळ योग्यच, कारण तिथे आदेश पुढे अमलात यायचा असतो. इथे आपण आधीपासून चालू असलेली व्यवस्था सांगत होतो.

मी आधी काहीही दुरुस्त केले नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्याचा फायदा घेतला. सगळ्या वाक्यांचे शेवटचे शब्द तेवढे एका कागदावर एकाखाली एक उतरवले: होते, होती, येईल, दिसतं, आणावे, आणू नका. मजकूर वाचताना मन अर्थात गुंतते आणि शेपटाकडे दुर्लक्ष होते. नुसती शेपटे समोर आली की काळ कुठे उडी मारतो आणि वाचकाशी बोलणारा कुठे बदलतो, ते लपत नाही. संपादनाची दुसरी कोणतीही युक्ती मला मराठीसाठी इतकी उपयोगी पडलेली नाही.

मग पाचही जणांना बोलावून एका पानावर ठराव लिहिले. काळाचा ठराव सगळ्यांना लगेच पटला. घडून गेलेली घटना साध्या भूतकाळात: झाले, वसवले, जिंकली. पूर्वी पुन्हापुन्हा होणारी गोष्ट ‘भरत असे’, ‘जात असत’ अशी. आजही खरे असलेले वर्तमानात, त्यातही समोर दिसणाऱ्या गोष्टीला ‘आहे’ आणि नेहमीच्या रिवाजाला ‘असते’. ‘फाटक बंद आहे’ म्हटले की आज बंद आहे, ‘सुट्टीच्या दिवशी बंद असते’ म्हटले की दर सुट्टीला. ‘राखली होती’सारखे रूप फक्त दोन गेलेल्या घटनांतली आधीची सांगायची असेल तेव्हाच. आणि सालाच्या शेजारी ‘झालेले आहे’ नको: संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले, एवढेच.

खरा वाद ‘आपण’वरून झाला. तलावांच्या पानावरचे ‘आपण’ म्हणजे लिहिणारी आणि वाचणारा दोघे: ‘आपण अंबाझरीच्या बांधावरून चालत जातो.’ काकांच्या पानावरचे ‘आपण’ म्हणजे आदराने संबोधलेला वाचक: ‘आपण तिकीट घ्यावे.’ प्राध्यापकांच्या पानावर ते सगळ्या नागपूरकरांसाठी होते: ‘आपण भोसल्यांचा वारसा विसरलो.’ म्हणजे पुण्याहून आलेला वाचक पहिल्या पानावर सोबती, दुसऱ्यावर पाहुणा आणि तिसऱ्यावर न केलेल्या विस्मरणाचा भागीदार. मी सुचवले की ‘आपण’ पूर्ण काढू आणि वाचकाला सगळीकडे ‘तुम्ही’ म्हणू.

प्राध्यापक म्हणाले, “तुम्ही म्हणणं जरा रोखठोक वाटतं हो. पाहुण्याला आपण ‘आपण’च म्हणतो.”

“सर, समोरासमोर म्हणतोच,” मी म्हणाले. “पण ‘आपण पाहतो’ आणि ‘आपण पाहता’ यांत फरक एका मात्रेचा. छपाईत ती मात्रा पुसट झाली की पाहुणा कुठे आणि आपण कुठे?”

ते काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनीच तोड काढली. जिथे वाचकाला काही करायला सांगायचे तिथे कर्ताच लिहायचा नाही: ‘महालाच्या गल्ल्या पायी पाहा’, ‘ओळखपत्र सोबत ठेवा’. क्रियापदातच ‘तुम्ही’ येते आणि आदरही राहतो. ‘आणावे’, ‘घ्यावे’ ही रूपे मात्र सगळी गेली, कारण एका ओळीत ‘आणावे’ आणि पुढच्या ओळीत ‘आणू नका’ वाचले की पहिली विनंती आणि दुसरी ताकीद वाटते.

आदराच्या रूपांची बाब मला सगळ्यांत गंभीर वाटली, आणि ती नुसत्या भाषेची नव्हती. प्राध्यापकांच्या मजकुरात ‘रघूजीराजे आले’ होते. त्याच पानावर दुसऱ्या कुणाच्या हातचे ‘देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा येथे आला. त्याने नगर वसवले’ असे होते. सीताबर्डीच्या पानावर रेसिडेंट ‘जेन्किन्स साहेब’ होते. ज्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवले ते ‘तो’, नंतर आलेले भोसले ‘ते’ आणि इंग्रज ‘साहेब’. कुणी मुद्दाम केले नव्हते. प्रत्येकाने आपल्या वाचनातल्या जुन्या पुस्तकांची सवय उतरवली होती. पण गोंड घरातली एखादी मुलगी हा कागद हातात घेईल तेव्हा तिला हेतू दिसणार नाही, ‘आला’ आणि ‘आले’ दिसेल. मी आग्रह धरला की नाव घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीला आदरार्थी बहुवचन, आणि नावाचाच भाग नसलेली बिरुदे कुणालाच नाहीत. अप्पासाहेब भोसले आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावात ‘साहेब’ आहेच, ते राहिले. जेन्किन्स नुसते रिचर्ड जेन्किन्स झाले, रघूजीराजे रघूजी भोसले झाले.

हे काम संगणकाला सांगून होत नाही. ‘आला’च्या जागी ‘आले’ घातले तर ‘पूर आला’चेही ‘पूर आले’ होते. ‘त्याने’ कुठे राजासाठी असते, कुठे तलावासाठी. शिवाय ‘त्याने नगर वसवले’ याचे ‘त्यांनी नगर वसवले’ केले तरी क्रियापद तसेच राहते, ते नगराच्या मागे चालते. ‘आला’ बदलले आणि पुढच्या वाक्यातले ‘त्याने’ राहून गेले, असे म्हणूनच सहज होते, शेवटच्या शब्दांच्या यादीतही ते पकडता येत नाही. त्यासाठी एकेका व्यक्तीचे नाव धरून, त्या नावापासून पुढच्या नावापर्यंतची सगळी सर्वनामे आणि विशेषणे पेन्सिलीने जोडत जावे लागले: देवगडचा राजा, त्याचा दरबार, मोठा, आलेला. संगणकावरचा शोध फक्त संशयित जागा दाखवायला चांगला. ‘देण्यात येईल’, ‘करण्यात आले’ सापडावेत म्हणून मी ‘ण्यात’ शोधले, तर तलावांच्या पानावरचे प्रत्येक ‘पाण्यात’ वर आले.

‘केलं’ की ‘केले’ हा प्रश्न मी शेवटी ठेवला होता, कारण वाक्ये बदलताना नवी रूपे जन्माला येतात आणि आधी केलेली साफसफाई फुकट जाते. गाइडला ‘दिसतं’, ‘केलं’ हवे होते. त्याचे म्हणणे, लोक असेच बोलतात. त्याला मी एक व्यावहारिक कारण सांगितले. ‘केलं’चे ‘केले’ डोळे झाकून करता येते. उलट जाताना तसे नाही: ‘काम झाले’चे ‘झालं’ होते, ‘राजे आले’चे ‘आलं’ होत नाही. पाच जणांच्या मजकुरात असा प्रत्येक ‘े’ तपासत बसलो तर काही नक्की सुटणार. आम्ही लेखी रूपे घेतली आणि मजकूर जड होऊ नये म्हणून वाक्ये तोडली.

सीताबर्डीचा परिच्छेद अखेर असा झाला: ‘२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकडीवर अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. इंग्रजांनी टेकडी राखली. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातून मोजक्या दिवशीच तो लोकांसाठी खुला असतो. वरून शहर दिसते. ओळखपत्र सोबत ठेवा. कॅमेरा आणू नका.’

दीक्षाभूमीच्या पानावर मात्र ठराव लावताना माझा हात थांबला. शिक्षिकेने लिहिले होते की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांचे आजोबा गावाहून बैलगाडीने आले आणि ‘आम्ही त्या दिवसापासून माणूस म्हणून चालू लागलो’. ठरावाप्रमाणे ‘आम्ही’ जायला हवे होते. त्या म्हणाल्या, “ताई, याचं तुम्ही ‘अनुयायांनी दीक्षा घेतली’ कराल. मग हे माझ्या घरचं कुठे राहिलं?” त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. सगळ्या पानांचा आवाज एक करताना जो आवाज मुळात एका घराचा आहे, तो पुसायचा अधिकार संपादकाला नाही. पण पाच आवाजांच्या प्रवाहात तो तसाच सोडला असता तर वाचकाला वाटले असते की हे ‘आम्ही’ म्हणजे संस्था. म्हणून पानाचा मुख्य मजकूर ठरावाप्रमाणे ठेवला: तारीख, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली आणि दिलेली दीक्षा, २००१ मध्ये लोकार्पण झालेला स्तूप. बैलगाडीची आठवण शेजारी चौकटीत, अवतरणचिन्हांत, ‘एका नागपूरकर शिक्षिकेच्या शब्दांत’ अशी ओळ देऊन. चौकटीत ‘आम्ही’ राहिले आणि ‘केलं’, ‘झालं’सुद्धा राहिले. त्या चौकटीतल्या एकाही मात्रेला मी हात लावला नाही.

मुद्रिते आली तेव्हा चित्रओळी उरल्या होत्या. त्या कुणी लिहिल्या ते कुणालाच आठवेना. एका जुन्या छायाचित्राखाली ‘संग्रहालयाची इमारत दिसत आहे’, दुसऱ्याखाली ‘दिसली’, नकाशाखाली ‘दिसेल’. तिन्ही ठिकाणचे क्रियापद काढले. छायाचित्र दिसते आहे हे वाचकाला सांगायची गरज नव्हती. जागेचे नाव, चित्र कोणत्या बाजूने काढले ते, आणि साल माहीत असेल तर साल, इतकेच ठेवले.