रात्री पावणेनऊ ते दहा

निकालाची पीडीएफ मी शाखेच्या जेवणाच्या खोलीत, डबा उघडायच्या आधी पाहिली. चार पेपर, चार आकडे: ५२, ४७, ४१, ४८. जेएआयआयबीला प्रत्येक पेपरात ५० लागतात. एकाच वेळी चारही पेपर दिले असतील तर दुसरी एक वाट असते. प्रत्येकात किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के असेल, तरी चालतं. माझी बेरीज १८८ होती आणि अकाउंटिंगने ४५सुद्धा गाठले नव्हते. म्हणजे एक पेपर सुटला, तीन राहिले, आणि आता त्या तिन्हींत सरळ ५० हवेत.

बँकेत ही परीक्षा सक्तीची नाही. पास झालात की एक वेतनवाढ मिळते आणि पुढच्या परीक्षेचं दार उघडतं. मला पैशांपेक्षा वेगळंच लागलं होतं. त्या तीन महिन्यांत मी सहा वर्षांच्या लेकीला जवळपास रोज "थांब गं, आईचा अभ्यास आहे" असं म्हटलं होतं. एवढं करून ४१?

आमच्या शाखेतले अकाउंटंट सर दोन वर्षांत निवृत्त होणार आहेत. त्यांनी निकाल पाहिला आणि एवढंच विचारलं, "रात्री घरी जाऊन काय करत होतीस?"

"वाचत होते."

"आणि रविवारी?"

"रिव्हिजन."

"उलटं कर," ते म्हणाले आणि शिक्के मारायला लागले.

मला राग आला होता. पण घरी येऊन आधीच्या तीन महिन्यांची वही काढली, तेव्हा कळलं की ते बरोबर बोलत होते. दिवसभर काउंटर, संध्याकाळी कॅश टॅली, मग एसटी, मग स्वयंपाक. एवढं झाल्यावर रात्री दहाला मी बाँडच्या किमतीचं नवं प्रकरण उघडायचे. डोळे ओळींवरून जायचे आणि पानं पिवळी व्हायची. रविवारी सकाळी डोकं ताजं असायचं, तेव्हा मी त्याच पिवळ्या ओळी पुन्हा वाचायचे आणि त्याला रिव्हिजन म्हणायचे.

पुन्हा वाचण्यात एक फसवणूक आहे. ओळ ओळखीची वाटते, म्हणून ती आठवते असं आपल्याला वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर याचाच प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. माझी परीक्षा काही पाच मिनिटांनी होणार नव्हती.

म्हणून दुसऱ्या वेळी ठरवलं की नवीन आणि अवघड ते फक्त शनिवार-रविवारी सकाळी वाचायचं. रात्री नवीन पान उघडायचं नाही, रात्री फक्त आठवायचं. थकलेल्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, पण प्रश्न विचारला तर ते उत्तर शोधायला उठतं, हे मला नंतर अनुभवाने कळलं.

मग आधी तास मोजले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून पहिल्या पेपरपर्यंत १३ आठवडे होते. रात्री पावणेनऊ ते दहा, म्हणजे सव्वा तास. आठवड्याच्या पाच संध्याकाळींपैकी चारच धरल्या, कारण एक हमखास बुडते. त्याचे ६५ तास झाले. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, बाकीचे शनिवार कामाचे. म्हणजे तीन महिन्यांत सहा शनिवार, सकाळचे चार-चार तास धरून २४. रविवार १३, त्यातला एक गणपतीला आणि एक घरच्या लग्नाला सोडला. उरलेल्या ११ रविवारांचे ४४ तास. शेवटी ३० सप्टेंबरच्या सहामाही क्लोजिंगच्या आठवड्याचे ५ तास वजा केले, कारण त्या आठवड्यात घरी पोचायची वेळ सांगता येत नाही. हाती राहिले १२८.

मागच्या वेळी मी कागदावर "रोज तीन तास" लिहिलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात मी त्या कागदाच्या इतकी मागे पडले की कागदाकडे बघणंच सोडलं. १२८ हा आकडा लहान होता, पण खरा होता.

पहिल्या आठ आठवड्यांतल्या सुट्टीच्या सकाळी मिळून ४४ तास होत होते. त्यांचे दोन-दोन तासांचे २२ तुकडे केले. ४१ मार्क पडलेल्या अकाउंटिंगला १०, बँकिंगच्या तत्त्वांना ७ आणि रिटेल बँकिंगला ५. नववा आठवडा क्लोजिंगचा, त्यात नवीन काही नाही. उरलेल्या सुट्टीच्या सकाळी सहा सराव पेपरांसाठी, प्रत्येक विषयाचे दोन.

एक तुकडा कसा चालायचा ते सांगते. रविवारी सकाळी चेक न वटण्याचं, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ चं कलम १३८ वाचलं. दीड तास वाचन झालं आणि शेवटच्या अर्ध्या तासात पुस्तक बंद करून मीच १२ प्रश्न लिहिले, वहीच्या उजव्या पानावर प्रश्न आणि मागच्या बाजूला उत्तर. चेक परत आल्याचं कळल्यापासून किती दिवसांत लेखी नोटीस द्यायची? ३०. नोटीस मिळाल्यावर चेक देणाऱ्याला पैसे भरायला किती दिवस? १५. त्यानेही भरले नाहीत तर तक्रार किती मुदतीत? एक महिना.

सोमवारी रात्री हे १२ प्रश्न पुस्तक न उघडता सोडवायचे. गुरुवारी पुन्हा, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. पहिल्या सोमवारी १२ पैकी ५ आले. ३० आणि १५ यांची मी अदलाबदल केली होती. आदल्या दिवशीच वाचलेलं असूनही! गुरुवारी ९ आले. त्यानंतर हे आकडे माझ्या डोक्यातून हललेच नाहीत.

एक नियम मात्र कडक ठेवावा लागला, तो म्हणजे उत्तर आधी लिहायचं आणि मगच पान उलटायचं. नुसतं मनात म्हटलं की पान उलटल्यावर आपण स्वतःला सांगतो, "हो, हेच म्हणायचं होतं मला." तसं वाटलं की समजायचं, ते आलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात गाडी अडकली. रोज जुने प्रश्न परत येत होते, वर नवे जमा होत होते. एका मंगळवारी मोजले तर त्या रात्रीच्या वाट्याला ९० प्रश्न होते. मी ३० सोडवले आणि वही मिटून रडले. दुसऱ्या दिवशी दोन बदल केले. लागोपाठ दोनदा बरोबर आलेला प्रश्न थेट महिन्याच्या ढिगात टाकायचा. आणि एका रात्री ४० च्या वर जायचं नाही, जास्त झाले तर सर्वांत जास्त वेळा चुकलेले आधी घ्यायचे. या पद्धतीत माणूस वाचून मागे पडत नाही, परत येणाऱ्या प्रश्नांखाली दबतो. मला कोणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती.

पहिला सराव पेपर अकाउंटिंगचा होता. शंभर प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. ४६ आले. मागच्या वेळी असे मार्क पाहून मी सगळं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं असतं. या वेळी पुढचे दोन तास फक्त ५४ चुकांना दिले आणि प्रत्येकीपुढे एक अक्षर लिहिलं. न: मुळात समजलंच नव्हतं. वि: येत होतं, विसरले. घ: घाई केली. न निघाले १४, वि २१ आणि घ १९.

एकोणीस! म्हणजे ते मार्क पुस्तकात नव्हतेच. उदाहरण सांगते. एक लाखाचं कर्ज, वार्षिक १२ टक्के व्याज, १२ मासिक हप्ते, तर हप्ता किती? मी सूत्रात दर १२ टक्केच घातला. हप्ता महिन्याचा आहे, म्हणून दर १ टक्का घ्यायला हवा होता. तसा घेतला की उत्तर ८,८८५ रुपयांच्या आसपास येतं. माझं उत्तर सोळा हजारांच्या वर गेलं होतं, आणि पर्यायांत तसाही एक आकडा माझ्यासारख्यांची वाट बघत होता. हे गणित मी काउंटरवर रोज समजावते. बारा हप्ते सोळा हजारांचे म्हणजे लाखाच्या कर्जाला दोन लाखांची फेड, एवढा विचार केला असता तरी चूक दिसली असती.

तीन प्रकारच्या चुकांना तीन औषधं. न सुट्टीच्या सकाळी, वि रात्रीच्या वहीत, आणि घ साठी गणित सुरू करण्याआधी कागदावर दोनच शब्द लिहायचे, "दर? काळ?" शिवाय "खालीलपैकी कोणते बरोबर नाही" यातल्या "नाही"वर बोट ठेवायचं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही ठरवून टाकलं. दुसऱ्या सराव पेपरला ५७ आले आणि घ सात झाले.

क्लोजिंगच्या आठवड्यात एसटीत उभ्या उभ्या रोज दहा प्रश्न झाले, तेवढेच. पण पावणेनऊची वेळ ठरलेली असल्याने एक गोष्ट बदलली होती. त्याआधीचा अर्धा तास लेकीचा होता. ती वही हातात धरून मलाच विचारायची, "आई, नोटीस किती दिवसांत?" नोटीस म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण माझं उत्तर चुकलं की तिला फार आनंद व्हायचा.

निकाल आला. बँकिंग ६३, रिटेल ५८, अकाउंटिंग ५२. अकाउंटिंगचे ५२ काही मिरवण्यासारखे नाहीत, पण पुरेसे होते. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं. तो व्हाउचरचा गठ्ठा घे."

त्यानंतर एक दिवस एक शेतकरी काका परत आलेला चेक घेऊन काउंटरला आले. सोयाबीनचे पैसे व्यापाऱ्याने चेकने दिले होते. "आता मी काय करू, ताई?" चेक परत आल्याचं बँकेचं पत्र त्यांना मिळून २२ दिवस झाले होते. मला कुठलंही पुस्तक उघडावं लागलं नाही. म्हटलं, "काका, तुमच्याकडे आठ दिवस आहेत. आजच वकिलाकडे जा, लेखी नोटीस पाठवा." ते लगेच उठले. मी पुढचं टोकन पुकारलं.