खराटा कोणाच्या हातात? (संत गाडगेबाबा जयंतीचं भाषण)

23 फेब्रुवारी म्हणजे संत गाडगेबाबांची जयंती. दरवर्षी मी भाषण लिहून नेते आणि वाचून दाखवते. जन्म 1876, गाव अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. मुलं टाळ्या वाजवतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळं विसरून जातात. यंदा मी कागद नेलाच नाही. बाबा कीर्तनात प्रश्न विचारायचे, तसंच विचारत बोलायचं ठरवलं. भाषण साधारण असं झालं.

"बालमित्रांनो, गाडगेबाबा म्हटलं की त्यांच्या हातात काय दिसतं?"

"झाडू!" "खराटा, मॅडम!"

"बरोबर. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला कपडा, एका हातात खराटा आणि सोबत मातीचं गाडगं. जेवायला आणि पाणी प्यायला तेच भांडं. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. बाबा गावात आले की आधी काय करायचे? मी आलोय, हार आणा, असं म्हणायचे का?"

"नाही!"

"ते गुपचूप रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेलं असेल तर ते मोकळं करायचे. लोकांना वाटायचं, कोण हा माणूस? संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन व्हायचं. म्हणजे आधी काम, मग बोलणं. कुणी पाया पडायला आलं तर त्यांना अजिबात आवडायचं नाही.

"कीर्तनात ते नुसतं सांगत बसायचे नाहीत, विचारायचे. नवसाला बकरं कापता, ते देव खातो की तुम्ही? लोक हसायचे आणि खरं उत्तर द्यायचे. उत्तर आपल्याच तोंडून आलेलं, मग नाकारणार कसं? बाबा स्वतः शाळेत शिकलेले नव्हते. पण घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, मुलांना शाळेत घाला, असं ते सगळ्यांना सांगायचे. आता मी एक प्रश्न विचारते. आपला वर्ग रोज सकाळी कोण झाडतं?"

इथपर्यंत सगळं मी ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मला वाटलं, मुलं म्हणतील, "आम्ही सगळे." मग मी त्यांना शाबासकी देणार होते.

तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. "आम्ही झाडतो, मॅडम. मुली."

"आणि मुलं?"

"ती पाण्याचा ड्रम भरतात, अन् घंटा देतात."

"असं कुणी ठरवलं?"

ती गप्प बसली. मागून एकजण हळूच म्हणाला, "यादी तुम्हीच लावलीय ना, मॅडम."

दाराच्या मागे ती यादी चिकटवलेली होती, माझ्याच अक्षरात. सोमवार ते शनिवार, झाडण्यासाठी रोज तीन नावं, सगळी मुलींची. जून महिन्यात मी ती लिहिली तेव्हा मनात काहीच आलं नव्हतं. मी शाळेत होते तेव्हा आम्ही मुलीच झाडायचो, तेच माझ्या हातून उतरलं. बाबांनी लोकांना जसं पकडलं असतं, तशी मी माझ्याच प्रश्नात सापडले.

मी मुलांना म्हटलं, "यादी चुकली. चूक माझी आहे."

एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, आजी म्हणते, पोरांनी झाडू हातात घेऊ नये."

मी काही बोलायच्या आत तीच मुलगी म्हणाली, "मग गाडगेबाबा काय बाई होते का?"

सगळा वर्ग हसला, तो मुलगाही हसला. भाषण तिथेच संपलं.

दुपारी आम्ही हजेरीपटाच्या क्रमाने नवी यादी केली. शनिवारच्या रकान्यात मी माझं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी मुलांची पहिली पाळी होती. त्यांनी मधूनच झाडायला सुरुवात केली आणि वर्गभर धूळ उडाली. मुलींनी दाखवलं, आधी थोडं पाणी शिंपडायचं, मग कोपऱ्यापासून दाराकडे झाडत यायचं. तेव्हा मला कळलं, की इतके महिने हे काम त्या किती नीट करत होत्या आणि त्याबद्दल मी त्यांना एकदाही काही म्हटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एक वडील फाटकापाशी भेटले. "मॅडम, आमच्या पोराला झाडायला लावता म्हणे?"

मी म्हटलं, "हो दादा. सगळ्यांचीच पाळी असते. शनिवारी माझी असते."

ते काही न बोलता गेले. त्यांना पटलं की नाही, ते त्यांनाच ठाऊक. शनिवारी मी लवकर गेले, तर तो मुलगा पाळी नसताना दारात उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमचा बाकाखालचा कोपरा राहिला."