बारा चोवीसची कर्जत

आमच्या छापखान्यात एक शिकाऊ मुलगी होती, अंबरनाथची. दिवाळी अंकांच्या गर्दीत एका रात्री तिची शेवटची गाडी चुकली आणि ती ऑफिसातच रद्दीच्या गठ्ठ्यांवर झोपली. सकाळी मी तिला चारचौघांत सुनावलं, "घर सोडून असं कुठेही पडायचं नसतं. टॅक्सी करायची, पैसे मागाहून मागायचे." तेव्हा मला हे अगदी बरोबर वाटत होतं. रात्र कितीही होवो, बाईमाणसाने घर गाठायचं, तेही एका गाडीत बसून, थेट दारापर्यंत. वडिलांनी हेच सांगितलं होतं आणि मी ते तपासून न बघता पुढे सांगत आले होते.

तसं मीही एकदा केलं होतं. सीएसएमटीहून रात्री 12:24ला कर्जत सुटायची. डोंबिवलीपासून पुढच्या बहुतेकांची शेवटची आशा तीच. ती डोळ्यांदेखत गेली. ॲपवर गाडी मागवली, तर डोंबिवली वाचून दोघांनी नकार दिला. मग काळी-पिवळी. मीटरने यायला कुणी तयार नव्हतं, एक जण पंधराशेत निघाला. मध्यरात्रीनंतर पाच वाजेपर्यंत मीटरवर सव्वापट भाडं होतं. रेल्वेने डोंबिवली 48 किलोमीटर. आजच्या दराने, म्हणजे किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे धरले, तर सव्वापट करून साधारण साडेबाराशे होतात. पण रस्ता रेल्वेसारखा जात नाही. गाडी मुंब्र्याहून सरळ पुढे निघते, टॅक्सीला मुंब्रा बायपासचा वळसा घेऊन शिळफाट्याला जावं लागतं. शिवाय परतीचं गिऱ्हाईक मिळणार नसतं. त्यामुळे पंधराशे ही काही लूट नव्हती, हे मला आता पटतं.

लूट नव्हती, पण शिळफाट्याला त्याने गाडी थांबवली. पुढचा रस्ता माहीत नाही, इथून रिक्षा मिळेल, म्हणाला. रात्रीचे पावणेदोन, दोन्ही बाजूंनी ट्रक, एक बंद टपरी आणि मी. रिक्षा वीस मिनिटांनी मिळाली. घरी मात्र मी सांगितलं, "टॅक्सीने आले, काही त्रास झाला नाही." माझ्या सल्ल्यावरचा माझाच विश्वास टिकावा म्हणून ते खोटं होतं. त्या मुलीला झापलं ते याच्या नंतर, आधी नाही. हे लिहिताना आजही कान तापतात.

मत बदललं ते 2024च्या ऑक्टोबरात. त्या महिन्यापासून मध्य रेल्वेचं वेळापत्रक बदललं आणि शेवटची कर्जत काही मिनिटं अलीकडे आली. पेपरात वाचलं होतं, पण वर्षानुवर्षांची सवय पायांत असते. मी 12:24च्या हिशोबाने सबवेतून वर आले तर इंडिकेटरवर कर्जत नाहीच. महिला डब्यात रात्री ड्युटीला असते तशी एक होमगार्ड बाई समोर उभी होती. मी तिला टॅक्सीचा स्टँड विचारला. ती म्हणाली, "टॅक्सी कशाला ताई? ठाणा उभी आहे की! बसा आधी."

इतकी वर्षं लोकलने जाऊन हे मला कधी सुचलं नव्हतं. शेवटची गाडी एक नसते. लांबची आधी सुटते, जवळची मागून. कसारा, कर्जत गेल्या तरी ठाण्याची, कुर्ल्याची स्लो मागे राहिलेली असते. चर्चगेटलाही तसंच, 12:50ला विरार आणि नंतर एकला बोरिवली. कारण साधं आहे. रात्री दोन-तीन तास ओव्हरहेड वायरचा वीजपुरवठा बंद करून रुळांची आणि तारांची कामं करायची असतात, आणि त्याआधी गाड्या आपापल्या ठिकाणी पोचून उभ्या राहायला हव्यात. लांबच्या गाडीला वेळ जास्त लागतो, म्हणून ती आधी काढतात. आपण मात्र आपल्या स्टेशनाच्या नावाची गाडी गेली की 'लोकल संपली' म्हणून थेट रस्त्यावर येतो.

मी ठाणा पकडली. पास डोंबिवलीपर्यंतचा, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न नव्हता. स्लो असल्याने तासभर लागला, पण 48पैकी 33 किलोमीटर पासात झाले. ठाण्याला पश्चिमेला उतरले तर रिक्षांच्या रांगेत माझ्यासारखेच चुकलेले होते, डोंबिवली-कल्याणवाले. मीटरने सांगायचं तर रस्त्याने बावीसेक किलोमीटर, रात्रीचा दर धरून आज पावणेपाचशेच्या आसपास. रिक्षावाल्याने सहाशे सांगितले. आमच्यात आणखी एक बाई आणि तिचा भाऊ होता, तिघांनी दोनशे-दोनशे काढले. दोघांना सोडून तो मला सोसायटीच्या फाटकापर्यंत घेऊन आला.

हाही उपाय दर वेळी चालतो असं नाही. सोबत मिळाली नाही तर दोन वाजता एकटीने खाडी ओलांडून शिळफाट्याला जाणाऱ्या रिक्षात मी आता बसत नाही. एकदा अशीच वेळ आली तेव्हा ठाण्याच्या फलाटावर पोलीस चौकीजवळच्या दिव्याखालच्या बाकावर पहाटेपर्यंत बसून राहिले. रेल्वे पोलिसांचा 1512 नंबर फोनवर काढून ठेवला होता, पण त्याची गरज लागली नाही. पाचच्या पुढेमागे कल्याणकडची गाडी आली. पाठ दुखली, पण भीती वाटली नाही. खरं तर त्या पंधराशेच्या प्रवासात भीती जास्त वाटली होती.

मेलगाडीचा मोह मात्र धरू नये. लोकलचा पास तिथे सहसा चालत नाही, आणि पकडलं तर भाडं वेगळं आणि निदान अडीचशे दंड वेगळा. आमचा मुलुंडचा बाइंडर बेस्टने जातो. 2022मध्ये रात्रीच्या बस सुरू झाल्या तेव्हापासून 66ने सायनच्या राणी लक्ष्मी चौकापर्यंत, तिथून 302ने मुलुंड. पण तासाला एक बस, आणि ती चुकली की फुटपाथवर तासभर. त्याला जमतं, मला नाही.

आता मी उलटा हिशोब करते. पावणेबारा वाजले तरी हातात फर्मा असेल तर स्टेशनकडे धावतच नाही. घरी फोन करून सांगते, "मी पहाटेच्या पहिल्या गाडीने येते." आई पहिल्या वेळी चिडली होती, आता नुसती "डबा खाल्लास का?" विचारते. टेबलाच्या खालच्या खणात एक सोलापुरी चादर घडी करून ठेवली आहे.

परवा ती खणातून काढताना ती अंबरनाथची मुलगी बघत होती. आता ती शिकाऊ नाही, माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते. माझी चूक झाली होती, हे तिला सांगायचं अजून राहिलंच आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने रद्दीचा एक गठ्ठा पायाने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ताई, उशाला हा घ्या. तो दुसरा टोचतो."