पत्रिकेतून भाषण

बालमित्रांनो, निरोपसमारंभात दोन शब्द बोलायला सांगितले की तुमच्या पोटात गोळा येतो ना? आमच्या रामटेकच्या सहावीतल्या एका मुलीचंही तसंच झालं. तिच्याजवळ होता फक्त बाईंच्या निमंत्रणपत्रिकेचा मोबाईलवरचा फोटो. आम्ही दोघींनी तो नीट वाचला. तुम्हीही वाचून बघा.

पत्रिकेत होतं, 'नियत वयोमानानुसार दि. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी सेवानिवृत्त'. नियत वयोमान म्हणजे सरकारने ठरवलेलं वय. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ते ५८ आहे, आणि ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती येते. म्हणून 'बाई आता थकल्या' किंवा 'बाईंनी नोकरी सोडली' असं म्हणायचं नाही.

सत्कार मात्र रविवारी, १ सप्टेंबरला होता. मग 'निवृत्त होत आहेत' चूक. 'काल निवृत्त झाल्या' बरोबर. तारखा दोन असतात, हे विसरू नका.

आता खरी गंमत! रुजू झाल्याचं वर्ष फोटोत पुसट होतं. १९९१ की १९९९? मराठीतले १ आणि ९ अंधुक फोटोत सारखेच दिसतात. खाली लिहिलं होतं, '३३ वर्षांची सेवा'. २०२४ मधून ३३ वजा केले, उरले १९९१. १९९९ धरलं असतं, तर बाईंची आठ वर्षं भर सभेत गायब झाली असती!

पत्रिकेवरचं एवढंच. 'हजारो विद्यार्थी घडवले' असं त्यात नव्हतं, म्हणून आम्हीही लिहिलं नाही. मी तिला विचारलं, "तुला बाईंचं काय आठवतं?" ती लगेच बोलू लागली. तेच भाषणात घेतलं:

"अध्यक्ष महोदय, गुरुजन आणि मित्रांनो, नमस्कार. आपल्या बाई १९९१ साली शिक्षिका झाल्या आणि ३३ वर्षं शिकवून काल निवृत्त झाल्या. तिसरीत असताना त्यांनी आम्हांला गडावर नेलं आणि पायऱ्या मोजायला लावल्या. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उतरताना दहा-दहाचे गट करून मोजा. तेव्हा सगळ्यांचं उत्तर एक आलं. बाई, आजही मी गणित चुकलं की रडत नाही, पुन्हा मोजते. तुमचं मनापासून अभिनंदन! आता गडावर सावकाश चढा. पायऱ्या आम्ही मोजू."

मोठ्याने, सावकाश वाचलं तरी हे एका मिनिटाच्या आसपास संपतं. बाईंचं नाव मात्र पत्रिकेत छापलंय तसंच, पूर्ण घ्यायचं. आणि गडाची गोष्ट कुठल्याच पत्रिकेत छापलेली नसते, ती तुमच्याजवळच असते.