काम तमाम नव्हे, 'तमामिना'!

इस्तंबूलच्या ऑफिसमधल्या माझ्या मैत्रिणीचा साखरपुडा झाला आणि माझी पंचाईत झाली. नुसतं 'काँग्रॅट्स' टाकून मोकळं होता आलं असतं. पण गेली तीन वर्षं आम्ही दोघी चॅटवर रोज बॉसचा उद्धार करतोय. म्हटलं, निदान एक वाक्य तरी तिच्या भाषेत बोलूया.

नेटवर एक भलतंच रोमँटिक वाक्य मिळालं. 'देव तुम्हाला एकाच उशीवर म्हातारं करो!' घोकून पाठ केलं, फोन लावला आणि म्हणून टाकलं. पलीकडे ही खो खो हसतेय. ''अगं, ते लग्नात म्हणतात. आत्ताच कुठली उशी?''

साखरपुड्याचं वाक्य वेगळं. 'अल्लाह तमामिना एर्दिरसिन.' देव हे पूर्णत्वाला नेवो. तमाम म्हणजे आपलंच ते तमाम, फक्त इथे कुणाचं 'काम तमाम' होत नाही! तिने व्हिडिओ पाठवला, तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला. तबकात दोन अंगठ्या, लाल रिबिनीने एकमेकींना बांधलेल्या. घरातल्या ज्येष्ठाने त्या दोघांच्या उजव्या हातात घातल्या आणि रिबीन कापली. (आधी कात्री चालत नसल्याचं नाटक. पैसे मिळाले की चालते!) लग्नात हीच अंगठी डाव्या हातात जाते. म्हणजे साखरपुडा हे अर्धंच काम. शुभेच्छा उरलेल्या अर्ध्यासाठी.

हे मला जरा लागलंच. दोन वर्षांपूर्वी माझा साखरपुडा मोडला, तोही हॉल बुक झाल्यावर. तेव्हा सगळे अभिनंदन करून, पेढा खाऊन गेले होते. 'पार पडो' असं फक्त आजी पुटपुटली होती आणि 'काय अभद्र बोलतेस' म्हणून आईने तिलाच गप्प केलं होतं.

मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी बरोबर वाक्य म्हटलं. ''आमीन,'' ती म्हणाली आणि थांबली.

''पुढे काही म्हणतात ना?'' मी विचारलं.

म्हणतात. शुभेच्छा देणारं माणूस लग्न झालेलं असेल तर 'आमीन' आणि आभार पुरे होतात. पण ते बिनलग्नाचं असेल, तर उत्तर येतं 'दारिसि बाशिना'. दारि म्हणजे बाजरीसारखं बारीक धान्य. पूर्वी नवरीवर ते उधळायचे, त्यातलं तुझ्याही डोक्यावर पडो. थोडक्यात, आता तुझा नंबर. मोठ्यांना म्हणायचं तर 'बाशिनिझा'.

माझा किस्सा तिला ठाऊक होता, म्हणून ती अडखळली होती.

''म्हण गं, बिनधास्त,'' मी म्हटलं. मग ती म्हणाली, अगदी हळू.

रात्री आईला सांगितलं. तिला भलताच प्रश्न पडला. ''बाजरी? आपल्याकडे तर ज्वारीच्या अक्षता टाकतात!''