'अज्ञान' भाच्याचा फ्लॅट

मस्कतच्या आपल्या मंडळात गप्पा निघाल्या की निम्म्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पुण्याचा फ्लॅट आम्ही मुलाच्याच नावावर घेतलाय." ऐकताना बरं वाटतं. पण तो फ्लॅट मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत विकायची वेळ आली, तर आईवडिलांची सही पुरत नाही. पैसे आपणच भरलेले असले तरीही. ही गोष्ट मी माझ्या माहेरी, नाशिकला, जवळून पाहिली.

माझा दादा अचानक गेला. मागे वहिनी, बारा वर्षांचा मुलगा आणि आमची आई. दादाने स्वतःच्या कमाईतून, कर्ज काढून फ्लॅट घेतला होता. मृत्युपत्र नव्हतं, कर्जाचा विमाही नव्हता. सोसायटीत नॉमिनी म्हणून वहिनीचं नाव होतं, त्यामुळे घर आता तिचंच, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि आई असे तिघे समान वारस, म्हणजे भाच्याचा स्वतंत्र एक तृतीयांश हिस्सा. (वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन असती, तर नियम वेगळे.)

हप्ता होता २७ हजारांचा. वहिनी खासगी शाळेत शिकवते, पगार २४ हजार. सहा महिने दादाच्या शिल्लकीतून हप्ते गेले, मग बँकेची पत्रं यायला लागली. विकायचं ठरलं तेव्हा एजंट म्हणाला, "मुलाच्या वतीने आई म्हणून तुम्हीच सही करा, कोण विचारतंय!"

विचारतात. १९५६चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आहे, त्याच्या आठव्या कलमानुसार आई किंवा वडील असले, तरी न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय मुलाची स्थावर मिळकत विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. तरी विकलीच, तर व्यवहार तिथल्या तिथे रद्द होत नाही, पण मुलगा मोठा झाल्यावर तो रद्द करून मागू शकतो. त्यासाठी त्याला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं असतात. म्हणजे घेणाऱ्याच्या डोक्यावर भाचा एकवीस वर्षांचा होईपर्यंत टांगती तलवार. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या बँकेने याच कारणावरून कर्ज नाकारलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्याच्या सौदापावतीत वकीलबाईंनी आधीच लिहून घेतलं, की व्यवहार न्यायालयाच्या परवानगीवर अवलंबून राहील आणि ती न मिळाल्यास बयाणा परत.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला गेले होते. न्यायालयालाही सुट्टी, त्यामुळे कागद जमवायला वेळ मिळाला. अर्ज मिळकत जिथे असेल तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो, आपण राहतो तिथल्या नव्हे. परदेशात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वकीलबाईंच्या कारकुनाने केलेला अर्जाचा पहिला मसुदा मी वाचला. वहिनीवर कोसळलेला दुःखाचा डोंगर, तिचा अपुरा पगार, तिची होणारी ओढाताण... सगळं खरं होतं. मराठीची शिक्षिका म्हणून मी लाल पेन उचलणार, तोच वकीलबाई म्हणाल्या, "ताई, भाषा चांगलीच आहे. पण यात मुलगा कुठाय?" त्यांचं म्हणणं असं, की कायदा परवानगी देतो ती दोनच कारणांसाठी: गरज असेल, किंवा अज्ञानाचा उघड फायदा असेल. गरजही मुलाची किंवा त्याच्या मिळकतीची असावी लागते. आईची अडचण हे त्याच्या हिश्शाला हात लावायचं कारण होत नाही. शिवाय फायदा 'उघड' हवा, म्हणजे आकड्यांत दिसणारा.

मग आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणित मांडलं. सरकारमान्य मूल्यांकनकाराने किंमत काढली ५८ लाख, गिऱ्हाईक देत होतं ६०. कर्ज बाकी २४ लाख. ते फेडून उरतात ३६, त्यात भाच्याचे १२ लाख. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ८४ हजार व्याज. त्याच्या शाळेची वर्षाची फी ४५ हजार. न विकता ठेवलं तर? हप्ते थकणार, बँक लिलाव करणार आणि लिलावात येईल ती किंमत येणार. आज ज्याचे बारा लाख हातात येतात, त्यातले किती उरतील सांगता येत नाही. अर्जाचा कणा एवढाच. वहिनीचं दुःख एका वाक्यात आलं.

सोबत जोडले ते कागद म्हणजे या प्रत्येक आकड्याचा पुरावा: मृत्यूचा आणि जन्माचा दाखला, खरेदीखत, सोसायटीचा शेअर दाखला, कर्जाचा उतारा, बँकेची पत्रं, मूल्यांकनाचा अहवाल, सौदापावती, फीच्या पावत्या. आईने शपथपत्रावर हरकत नसल्याचं लिहून दिलं. मग वर्तमानपत्रात नोटीस आली. नातलगांपैकी कोणाला वाटलं की पोराचं घर स्वस्तात घालवतायत, तर त्याने येऊन सांगावं म्हणून. कोणी आलं नाही.

अर्जात भाच्याचा उल्लेख सगळीकडे 'अज्ञान'. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' लिहितात, त्यातलाच हा अज्ञान. पोराने वाचलं आणि बिथरला, "मी अज्ञान? वर्गात दुसरा आलोय!" त्याला सज्ञान-अज्ञान समजावताना माझी जुनी नोकरी उपयोगी पडली म्हणायची.

वहिनीची साक्ष झाली तेव्हा मी इकडे परत आले होते. तिने फोनवर सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "सासूबाईंच्या घरी राहायला जाऊन फ्लॅट भाड्याने का देत नाही?" मला हा प्रश्न फार योग्य वाटला. विकण्यावाचून दुसरा मार्ग नाही ना, हे पाहणं त्यांचं कामच. सुदैवाने उत्तर अर्जातच होतं. भाडं १२ हजार येतं, हप्ता २७. वरचे १५ हजार पगारातून गेले, तर ९ हजारांत तिघांचं घर आणि शाळा, वर सोसायटीचा खर्च आणि घरपट्टी. दुसरा प्रश्न, "मुलाचे पैसे कुठे ठेवणार?" वहिनी म्हणाली, "साहेब, सांगाल तिथे."

जूनमध्ये केलेल्या अर्जावर फेब्रुवारीत हुकूम झाला. आठ महिने गिऱ्हाईक थांबलं, ही त्याची भलाई. परवानगी मोकळी नव्हती. ६० लाखांच्या खाली विकायचं नाही. मुलाचे १२ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मुदत ठेवीत. व्याज आईने त्याच्या शिक्षणासाठी काढावं, मुद्दल मोडायचं नाही, त्यावर कर्जही काढायचं नाही. आणि खरेदीखताची व ठेवपावतीची प्रत महिन्याच्या आत न्यायालयात दाखल करायची.

काही नातलगांना हे वहिनीचा अपमान वाटलं. आईवर विश्वास नाही का, वगैरे. मला तसं वाटत नाही. उद्या कोणी म्हणालं, की आईने पोराचं घर विकून खाल्लं, तर तिच्याजवळ तिला निर्दोष ठरवणारा शिक्क्याचा कागद आहे. असा कागद किती विधवांकडे असतो?

आता तिघं आईच्या जुन्या घरात राहतात. पहिल्या वर्षाचं व्याज आलं तेव्हा भाच्याने बॅट मागितली. वहिनीने हुकूम काढून 'शिक्षणासाठी' या शब्दावर बोट ठेवलं. बॅट शेवटी आजीने घेतली, तिच्या हिश्शातून.