गोष्ट संपल्यानंतर

पडद्याचा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला रोखतो, म्हणून माझ्या चार वर्षांच्या नातीला मी चित्रफितींऐवजी मराठी गोष्टी ऐकवणारे ॲप लावून दिले. तरीही साडेदहापर्यंत ती टक्क जागी! तिसऱ्या रात्री अंधारात तिच्याजवळ बसलो, तेव्हा कारण उमगले. एक गोष्ट संपताच दुसरी आपोआप सुरू होई आणि पेंगुळलेली पोर कुतूहलाने पुन्हा सावध होई.

मग ती आपोआप लागण्याची सोय बंद केली, स्लीप टायमर 15 मिनिटांवर ठेवला. फोन पालथा, पलंगापासून दूर, आवाज कुजबुजीइतका. गोष्ट आठवडाभर एकच, कारण शेवट ठाऊक असला की मन त्याची वाट पाहत जागे राहत नाही. आता ती नवाच्या सुमारास झोपते.

एक उणीव मात्र तिनेच दाखवली. “आजोबा, सशाला भीती वाटली का, असं विचारलं, तर हा काका बोलतच नाही.” तेव्हापासून आवाज थांबल्यावर मी पाच मिनिटे तिथेच बसतो. आपणही बसावे. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस जवळ हवे.